मदत हवी आहे: कंपनीच्या फ्लॅटचं पूर्ण भाडं माझ्या पगारात धरलंय, हे बरोबर आहे का?

सातपूरकर: जानेवारी 2025 च्या पगारातून टीडीएस एकदम वाढला. पेरोलला विचारलं तर म्हणे, फ्लॅटचे पर्क्स, म्हणजे कंपनीने दिलेल्या सोयीची करपात्र किंमत, आधी धरायचे राहिले होते. भाडं महिना 22 हजार, ते कंपनी भरते. वर्षाचे 2 लाख 64 हजार सरळ माझ्या उत्पन्नात टाकलेत. गाडीचेही काहीतरी आहेत. एवढे धरतात का? लवकर सांगा, पुढच्या पगाराआधी भांडायचं आहे.

मुळा_मुठा: गाव कुठलं? पगार किती? करप्रणाली जुनी की नवी? ज्योतिष सांगायचं का आम्ही?

सातपूरकर: नाशिक. महिना बेसिक 80 हजार, स्पेशल अलाउन्स 40 हजार, बोनस नाही, एचआरए नाही. नवी. एप्रिलपासून राहतोय.

हिशोबी_काका: मग चक्क फसवणूक आहे. 2023 च्या सप्टेंबरपासून दर कमी झालेत. 2011 च्या जनगणनेत नाशिक 15 लाखांच्या किंचित खाली, म्हणजे पगाराच्या फक्त 5 टक्के. पगार 14 लाख 40 हजार, त्याचे 72 हजार. लेखी तक्रार करा.

कोर्टाचीपायरी: काका, 5 टक्के कंपनीच्या स्वतःच्या मालकीच्या घराला. लोकसंख्येचा हिशोब तिथेच. कंपनीने भाड्याने घेऊन दिलेल्या घराला गाव कुठलंही असो, पगाराचे 10 टक्के किंवा प्रत्यक्ष भाडं, यात जे कमी ते. म्हणजे इथे 1 लाख 44 हजार. त्यातून कर्मचाऱ्याकडून काही कापत असतील तर ते वजा.

हिशोबी_काका: माझ्या भाच्याला 5 टक्केच लावलेत.

कोर्टाचीपायरी: भाच्याचं घर कंपनीचं असेल. बरं, सातपूरकर, भाडेकरार कुणाच्या नावावर आहे?

क्वार्टरवासी: एवढी कटकट कशाला? आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये, लायसन्स फी पगारातून कापतात आणि पर्क शून्य. कोणीतरी अर्ज करून बघा.

मुळा_मुठा: साहेब, ते खासगी कंपनीत आहेत. अर्ज कुणाकडे करायचा, जिल्हाधिकाऱ्यांकडे?

सातपूरकर: करार माझ्याच नावावर आहे. मालकाला कंपनी वगैरे नको होती. पण भाडं कंपनी थेट मालकाच्या खात्यात टाकते, मग काय फरक पडतो?

कोर्टाचीपायरी: हीच तर मेख आहे, आधी सांगायचं ना. भाडेकरू तुम्ही, भाडं द्यायची जबाबदारी तुमची. कंपनी तुमची देणी भागवते, म्हणून भागवलेली सगळी रक्कम तुमचं उत्पन्न. 10 टक्क्यांची सवलत कंपनीने घर घेऊन दिलं तरच. पेरोलने बरोबर धरलंय, फक्त नऊ महिने झोपून धरलंय.

हिशोबी_काका: पैसे कंपनीच्या खात्यातून जातात, तर घर कंपनीनेच दिलं असं म्हणता येईल की!

कोर्टाचीपायरी: म्हणता येईल, पण करारावर तुमचीच सही असताना ते टिकवणं जड जाईल. हिशोब सांगतो. 2024-25 च्या दरांनी, घराचे 1 लाख 44 हजार धरले काय की 2 लाख 64 हजार काय, प्रमाणित वजावट काढून तुमचं उत्पन्न 15 लाखांच्या वरच राहतं, म्हणजे मधले 1 लाख 20 हजार 30 टक्क्यांत. सेस धरून 37,440 रुपये. भांडायचं असेल तर करार पुढच्या वर्षापासून कंपनीच्या नावाने करा, यासाठी भांडा. गाडीचं इंजिन किती सीसी?

सातपूरकर: 1498. डिझेल कंपनीचं. घरच्या कामालाही वापरतो. ड्रायव्हर नाही.

कोर्टाचीपायरी: मग महिना 1,800, वर्षाचे 21,600. तेवढेच लागले असतील तर गाडीवरून वाद नको.

बॅटरीवाला: माझी कंपनीची गाडी इलेक्ट्रिक आहे. हिला सीसीच नाहीत. आमचे लोक लहान इंजिनाचे 1,800 धरतात, मित्राच्या कंपनीत मोठ्या इंजिनाचे 2,400. खरं काय?

मुळा_मुठा: नियम सीसीवर लिहिलाय. तुम्ही दोघंही बरोबर आणि दोघंही चूक.

सातपूरकर: एचआरशी बोललो. म्हणतात करार कंपनीच्या नावावर केला तर भाड्यावर जीएसटी कंपनीला भरावा लागेल, म्हणून कुणालाच देत नाही. थाप आहे ना ही?

कोर्टाचीपायरी: थाप नाही. जुलै 2022 पासून नोंदणीकृत कंपनीने राहायला घर भाड्याने घेतलं तर मालकाऐवजी कंपनीलाच 18 टक्के भरावे लागतात. 22 हजारांवर महिना 3,960, वर्षाला 47,520. तुमचे वाचतात 37 हजार, त्यांचे जातात 47. भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळालं, म्हणजे तो कंपनीच्या इतर जीएसटीतून वळता झाला, तर गणित वेगळं, पण कर्मचाऱ्याच्या राहत्या घराला ते देतात का, यावर वाद आहे. तुमच्या अकाउंट्सवाल्यांना विचारा, क्रेडिट घेतात का.

हिशोबी_काका: आणि मालक तरी कंपनीच्या नावाने देणार आहे का?

सातपूरकर: मालकाला आज रात्री फोन करतो. अकाउंट्सचं सोमवारी बघतो.