मदत हवी आहे: आईला कालचं आठवत नाही, पण शिलाई मशीन शिकली. नाटक म्हणणाऱ्या आत्याला काय सांगू?

बोरीकाठ
नमस्कार मंडळी, अमळनेरजवळच्या खेड्यातून लिहितोय. आई ५६ वर्षांची. मागच्या फाल्गुनात तिला मेंदूज्वर झाला, हर्पीसच्या विषाणूचा. पहिल्या दवाखान्यात साधा ताप म्हणून तीन दिवस गेले, तो राग आता गिळलाय. जीव वाचला, पण एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या टेंपोरल लोबला इजा दिसली. तेव्हापासून नवीन काही टिकत नाही. सकाळी जेवली तर अकरा वाजता विचारते, "आज भाकरी नाही का?" लग्न, माहेर, शेताचे बांध मात्र बरेचसे आठवतात.

आता मुद्दा. माझी बायको ब्लाउज शिवते, पायाचं मशीन आहे. आईने जन्मात मशीनला हात लावला नव्हता. दिवाळीनंतर ती नुसतीच बसून असायची, म्हणून बायकोने तिला मशीनवर बसवलं. पहिल्या दिवशी चाक उलटं फिरायचं, दोरा तुटायचा, चार बोटं शिवण सरळ येत नव्हती. आज ती उशीचा अभ्रा एका दमात सरळ शिवते. आणि रोज बसायच्या आधी म्हणते, "माले नही येत." रोज!

आत्या म्हणते, हे सोंग आहे, जिला मशीन शिकता येतं तिला मी परवा आले होते हे आठवत नाही होय? घरात यावरून बोलणं बंद झालंय.

दुसरा त्रास वेगळाच. दोरा ओवताना वर-खाली होणारी दांडी आई रोज चुकवते, दोरा थेट सुईकडे नेते. रोज सांगतो, रोज तीच चूक. शिवण जमली मग हे का जमत नाही?

केळीबाग
ही मसल मेमरी. आठवण डोक्यात नसते, स्नायूंत उतरते. सायकल कोणी विसरतं का? आत्याला एवढंच सांगा.

सावदेकर
माझ्या मुलाचंही असंच आहे. दहावीला आहे, क्रिकेटमधले सगळे शॉट येतात आणि इतिहासाच्या सनावळ्या राहत नाहीत. ब्राह्मी सुरू केली आहे. तुम्ही दिली का?

बोरीकाठ
सावदेकर, मुलाला शुभेच्छा, पण आईचा प्रश्न अभ्यासाचा नाही हो.

हिवराची_सावली
मी बारा वर्षं मेंदूला इजा झालेल्यांच्या पुनर्वसनात काम केलं, आता धुळ्यात घरी असते. आत्याबाईंची शंका चुकीची असली तरी वेडगळ नाही. १९६० पर्यंत बऱ्याच जाणकारांनाही स्मरणशक्ती एकच वाटायची.

ती समजूत हलवणारा रुग्ण अमेरिकेतला हेन्री मोलेसन. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, दोन्ही बाजूंच्या टेंपोरल लोबचा आतला भाग काढला. नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग त्यात गेला. पुढे नवीन माणूस, नवीन प्रसंग काहीच टिकेना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५५ मध्ये त्याच्यापुढे एक काम ठेवलं. कागदावर दुहेरी रेघेची चांदणी, दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हात झाकलेला आणि बघायचं फक्त आरशात. घरी करून बघा, कोपऱ्यावर हात हटकून उलटीकडे जातो. रोज दहा वेळा, असे तीन दिवस. चुका कमी होत गेल्या आणि रात्र उलटूनही ती सफाई टिकली. तिसऱ्या दिवशी हात सराईत होता, पण हे काम आपण आधी केलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. अवघड वाटत होतं, बरं जमलं की, असं काहीसं त्याचं त्याला नवल वाटलं.

"माले नही येत" हे तेच. तुमच्या आई खोटं बोलत नाहीत. आपल्याला येतं, ही स्वतःबद्दलची एक माहिती असते, आणि ती साठवणारा भाग त्यांचा गेलाय. हाताची सवय दुसरीकडे घडते, मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लियात आणि मागच्या लहान मेंदूत. तो भाग तापाने सोडला असावा. म्हणून "येतं का?" असं विचारूच नका. खुर्ची ओढा, कापड हातात द्या.

केळीबाग, स्नायूंत काही साठत नाही. तसं असतं तर पार्किन्सन्सच्या माणसाचे स्नायू धड असतात, मग त्याला नवी हातोटी शिकायला जड का जातं? त्याला कालचं जेवण आठवतं, सवय लवकर बसत नाही. तुमच्या आईच्या उलट.

केळीबाग
बरं, स्नायू मागे घेतो. सायकल मात्र घेणार नाही.

तापीपूर
फिजिओ आहे, भुसावळ. ताईंचं बरोबर, पण दोन गोष्टी. एक म्हणजे मोलेसन सगळ्याच कामांत इतरांइतका वेगाने शिकला नाही. सुझॅन कॉर्किन या संशोधक बाईंनी त्याला १९६८ मध्ये फिरत्या ठिपक्यावर काडी टेकवून ठेवायचं काम दिलं, तेव्हा सुधारणा झाली, पण इतरांपेक्षा कमी. दुसरं, दोऱ्याचं काम आईंना स्वतः करू द्या. चुकल्याशिवाय हात शिकत नाही, मी रुग्णांना हेच सांगतो.

हिवराची_सावली
तापीपूर, इथेच मी अडवणार. बोरीकाठ, दोरा चुकला की पुढे नेमकं काय होतं ते सांगा. आणि पहिल्या दिवसांत दोरा कोणी ओवला?

बोरीकाठ
चुकला की लगेच काही नाही. दोन-तीन बोटं शिवण जाते, मग कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो आणि चाक अडकतं. आई कापड ओढते, कधी बॉबिनला हात घालते, दांडीकडे तिचं लक्षच जात नाही. पहिल्या आठवड्यात बायको म्हणायची, बघा बरं तुम्हीच, कुठून जात असेल? करून करून येईल असं वाटलं. आई दरवेळी थेट सुईकडे न्यायची.

हिवराची_सावली
मग उत्तर तुमच्याच ओळींत आहे. शिवण वाकडी गेली तर ते त्याच क्षणी डोळ्यांना दिसतं आणि हात तिथल्या तिथे सावरतो. चांदणीचंही तसंच, रेघ ओलांडली की आरशात लगेच दिसतं. अशी चूक हाताला शिकवते, तापीपूर इथपर्यंत बरोबर आहेत. दोऱ्याची चूक मात्र उशिरा कळते. गुंता झाला तेव्हा मी मघाशी दांडी सोडली होती, हे आठवावं लागतं, आणि तेच तर त्यांच्याकडे नाही. फळ लगेच कळलं तर बेसल गँग्लियावर भागतं, काही सेकंद गेले तर हिप्पोकॅम्पस लागतो, असं अलीकडच्या प्रयोगांत दिसलंय.

वर आणखी एक घोळ. आपण चुकलो हे आठवत नाही, पण हात मात्र त्या वाटेला सरावतो. बॅडली आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये विस्मृतीच्या रुग्णांना शब्द शिकवले. काहींमध्ये आधी अंदाज करायला लावला आणि मग बरोबर शब्द सांगितला, काहींमध्ये अंदाजाची संधीच न देता थेट सांगितला. थेट सांगितलेले शब्द खूप जास्त टिकले, कारण अंदाजाने आलेला चुकीचा शब्दच पुन्हा तोंडात यायचा. तुमच्या घरी "बघा बरं तुम्हीच" म्हणून आठवडाभर चुकीची वाट मळली गेली.

आता असं करा. बायकोने आईंचा हात हातात घेऊन दोरा ओवायचा, दांडीच्या भोकात ठळक रंगाची खूण, आणि चुकीकडे हात वळायच्या आधीच धरायचा, नंतर नाही. काही दिवसांनी फक्त शेवटची पायरी, सुईची, त्यांच्यावर सोडायची. ती पक्की झाली की तिच्या आधीची. मदत अशी शेवटून काढत आणायची. खुर्ची, मशीन, रिळाची जागा काही हलवू नका. अशी शिकलेली गोष्ट त्या मांडणीला चिकटलेली असते, दुसऱ्या मशीनवर बसवलं तर पुन्हा नवख्या होतील.

तापीपूर
उशिरा कळणाऱ्या चुकीचा मुद्दा मान्य. पण बॅडलींचे प्रयोग शब्दांचे होते. हाताच्या कामाला चुका न होऊ देण्याची पद्धत किती लागू पडते यावर आमच्यात एकमत नाही. मी थोडी मोकळीक देईन.

हिवराची_सावली
शिवणीत द्या मोकळीक. दोऱ्यात नको.

भरीत_भाकर
माझ्या काकूला असंच होतं, तिला आम्ही स्मार्टफोन शिकवायला गेलो आणि रडकुंडीला आलो. फोन शिकेल का हो यांची आई?

हिवराची_सावली
स्मार्टफोनवर अवघड. एक अपडेट आलं की चिन्हं जागा बदलतात. बटणाचा फोन घ्या, २ दाबून धरलं की मुलगा, बस, तेवढंच बोटाला शिकवा. आणि गॅसवर भरवसा ठेवू नका. शेगडी पेटवायची सवय लागेल, पण आपण पेटवली आहे हे लक्षात राहणार नाही.

बोरीकाठ
अकरा दिवसांनी लिहितोय. दांडीच्या भोकाभोवती लाल नेलपॉलिश लावलं. बायको हात धरून ओवते, आता सुई आणि सुईच्या आधीचा अडकवा आई स्वतः करते. मधे बायको दोन दिवस पारोळ्याला लग्नाला गेली, शेजारच्या वहिनींनी प्रेमाने "करा तुम्ही" म्हटलं, आणि दोरा पुन्हा थेट सुईकडे! जुनी वाट अजून बुजलेली नाही.

आत्याला चांदणी करायला बसवलं, बायकोचा आरसा आणि पुठ्ठ्याचा आडोसा. पहिल्या कोपऱ्यावर हात भलतीकडे गेला तशी चिडली. नंतर आईने केली, सलग चार दिवस. चौथ्या दिवशी आईची रेघ आत्यापेक्षा बरी होती, आणि आई विचारत होती की हे कागद कोणाच्या पोराचे. आत्या म्हणाली, सोंग नसेल, पण माझं येणं तरी लक्षात ठेवावं. तिला काय उत्तर देऊ कळलं नाही.

तापीपूर
लाल खूण काढून बघितली का?

बोरीकाठ
नाही अजून. बायको म्हणते, राहू दे, तिला स्वतःलाच सोपं जातंय.