‘क्रॉस-डॉकिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादिनी
एका वितरण केंद्रातल्या कामगारांसाठी हस्तपुस्तिका मराठीत करते आहे. एका वाक्यावर चार दिवस अडकले आहे. मुळात सूचना अशी आहे की ज्या मालावर अमुक शिक्का असेल त्याचं क्रॉस-डॉकिंग करा, साठवण करू नका; म्हणजे केंद्रात उतरलेला माल न साठवता लगेच पुढच्या गाडीत चढवायचा. मी ‘थेट पाठवणी’ लिहिलं. तिथल्या पर्यवेक्षकांनी ते खोडलं आणि शेजारी लिहिलं, ‘थेट म्हणजे आमच्याकडे न येता. हा माल आमच्याकडे येतो.’ मुद्दा बरोबर आहे. मग ‘परस्पर पाठवणी’ सुचवलं, तर म्हणाले, ‘ताई, परस्पर गेलेल्या मालाची आम्ही तक्रार नोंदवतो!’ आता सुचवा.

जुनाकोश
पर्यवेक्षकांचा विनोद चांगला आहे, पण ‘परस्पर’ या शब्दावर अन्याय आहे. मूळ अर्थ ‘एकमेकांत’. त्यावरून ‘मध्ये तिसऱ्याला न घेता’ आणि त्यावरून ‘न विचारता’. चोरीचा वास शेवटच्या पायरीवर लागला. शब्द धुऊन वापरता येतो. नाहीतर ‘पारधक्का’ घ्या. डॉक म्हणजे धक्का, क्रॉस म्हणजे पार.

तुषार_प
पारधक्का 😄 आमच्या फ्लोअरवर हे बोललात तर लोक विचारतील, कुणी कुणाला दिला?

जुनाकोश
हसा. ‘फलाट’सुद्धा ‘प्लॅटफॉर्म’चाच घासलेला तुकडा आहे, आज कुणी हसतं का? शब्द वापरात आला की हसू थांबतं.

हिशेबी
नाव काहीही द्या, अर्थ एवढाच की माल साठवायचा नाही. साठवण नाही म्हणजे भाडं नाही, म्हणून स्वस्त. ‘बिनसाठवण’ म्हणा आणि मोकळे व्हा.

वखारदार
हिशेबीसाहेब, अर्धं बरोबर. मी नऊ वर्षं आवक सांभाळली आहे. क्रॉसडॉक सुरू केलं म्हणून भाडं कमी झालेलं मी पाहिलं नाही. रॅक तिथेच, छप्पर तेच. जागा खरंच सोडून दिली तरच भाडं वाचतं. वाचतात ते माणसांचे हात.

एक गाडी घ्या. कपडे धुण्याच्या पावडरीचे ८०० खोके, २० दुकानांना प्रत्येकी ४०. एका पॅलेटवर ४० खोके बसतात, म्हणजे २० पॅलेट. साठवायचं ठरवलं तर प्रत्येक पॅलेट उचलून रॅकला लावायला साधारण ३ मिनिटं, एकूण एक तास. पुढे दुकानांच्या मागणीप्रमाणे खोके रॅकमधून काढायचे. एक माणूस तासाला १५० काढतो, म्हणजे ५ तास २० मिनिटं. दोन्ही मिळून ६ तास २० मिनिटं. उतरवणं आणि चढवणं दोन्ही पद्धतींत सारखंच, म्हणून ते धरलं नाही.

आता क्रॉसडॉक. खोके सरमिसळ आले तर उतरल्या-उतरल्या २० लेनमध्ये, म्हणजे फरशीवरच्या दुकानवार ओळींत, वाटायचे. हे काम तासाला २०० ने होतं, कारण शोधायला चालत जावं लागत नाही. ४ तास. वाचले २ तास २० मिनिटं. पण पुरवठादाराने दुकानवार पॅलेट लावून, लेबल चिकटवून पाठवलं, तर नुसते २० पॅलेट इकडून तिकडे न्यायचे. १ तास. वाचले ५ तास २० मिनिटं.

म्हणून अनुवादिनीताई, एकाच शब्दाखाली दोन वेगळी कामं आहेत. कुठलं दुकान हे गाडी येण्याआधी ठरलंय की आल्यावर, हे तुमच्या पुस्तिकेत आहे का?

अनुवादिनी
नाही. दोन्हीला एकच शब्द आहे.

हिशेबी
म्हणजे दुसरी पद्धत सरळ स्वस्त. मग वाद कशाला?

वखारदार
ते वाटपाचे ४ तास हवेत विरले नाहीत. ते पुरवठादाराच्या माणसांनी केले. आज फुकट, पुढच्या दरपत्रकात दिसतील. शिवाय त्याने पॅलेट लावलं चार-पाच दिवसांपूर्वीच्या मागणीवर. तेवढ्यात एका दुकानात खप वाढला आणि दुसऱ्यात पडला, तर वाटप चुकीचं, आणि ते बदलायला पॅलेट फोडावं लागतं. रोज सारखा खपणारा माल असेल तर बिघडत नाही. लहरी माल असेल तर सरमिसळ आणून दारात वाटलेलं बरं, तीन तास जास्त गेले तरी.

गोदीकाका
नमस्कार. मी बंदरावर २२ वर्षं काढली. याला आम्ही ट्रान्सशिपमेंट म्हणायचो. एका जहाजातून पेटी उतरते, दुसऱ्यावर चढते. नवीन काय आहे यात? आणि डॉकला ‘धक्का’ नव्हे, ‘गोदी’ म्हणा. गोद म्हणजे मांडी. जहाज आईच्या मांडीवर बसल्यासारखं बसतं.

जुनाकोश
काका, मांडीची व्युत्पत्ती गोड आहे, पण पुरावा? ‘गोदाम’ आणि ‘गोदी’ लोक असेच एका पंगतीला बसवतात. गोदामाचा माग मलायकडच्या ‘गुदांग’पर्यंत आणि तिथून पुन्हा दक्षिणेतल्या भाषांपर्यंत काढतात. त्यात मांडी कुठेच नाही.

गोदीकाका
पुरावा म्हणजे २२ वर्षं.

तुषार_प
काकांच्या ट्रान्सशिपमेंटमध्ये पेटी उघडत नाहीत ना? पेटी आली तशी गेली. इथे गाडी फोडून २० ठिकाणी वाटायची आणि वेगवेगळ्या पुरवठादारांचा माल एका दुकानाच्या गाडीत भरायचा. फोडणं आणि जुळवणं, दोन्ही. त्यामुळे तो शब्द चालणार नाही.

गोदीकाका
आम्हीही पेट्या फोडायचो. पण बरं.

जुनाकोश
जुन्या मराठीत ‘उतारपेठ’ आहे. माल जिथे उतरतो आणि पुढे वाटला जातो ती जागा. क्रियेसाठी ‘उतारवाट’ किंवा ‘उतारचढाव’?

तुषार_प
उतारवाट म्हणजे घाट संपल्यावरची. उतारचढाव म्हणजे बाजारभाव.

निशिगंधा
एक बाळबोध शंका. ‘क्रॉस’ म्हणजे नक्की काय ओलांडायचं? माल धक्का ओलांडतो की धक्का मालाला?

वखारदार
लांबट इमारतीत एका बाजूला आवकेची दारं, समोर जावकेची. माल मधली फरशी ओलांडून जातो. चित्र तेवढंच. पण दोन्ही दारं एकाच बाजूला असलेल्या इमारतीही असतात. तिथे माल आत येतो, वळतो, शेजारच्या दाराने बाहेर. काहीच ओलांडत नाही, तरी म्हणायचं क्रॉसडॉकच. म्हणून ‘पार’वर फार भिस्त ठेवू नका.

हिशेबी
मग पुन्हा माझंच. ‘बिनसाठवण’. ओलांडो न ओलांडो, साठवलं नाही हे खरं.

वखारदार
तेही खरं नसतं. हे आमच्याकडचं एका दिवसाचं. वरच्यासारखीच गाडी, सरमिसळ. सकाळी ६ ला यायची ती १० ला आली. उतरवायला पाऊण तास. ४ माणसं वाटपाला लावली, एक तास. ११:४५ झाले. दुकानांच्या गाड्या सुटायच्या ११ ला. लांबच्या १२ गाड्या थांबवता येत नव्हत्या, त्या पावडरीशिवाय गेल्या. जवळच्या ८ थांबवल्या. त्यातल्या शेवटच्या गाडीला दुकानाने माल घ्यायची वेळ संपली म्हणून दारातून परत पाठवलं.

राहिले १२ लेनमध्ये ४८० खोके. रॅकमध्ये त्यांना पत्ता नाही, कारण ते साठवायचे नव्हतेच. संध्याकाळी उद्याची आवक आली, लेन हव्या होत्या, म्हणून कुणीतरी पॅलेट भिंतीकडे सरकवले. संगणकावर सगळ्यांनी सकाळीच ‘रवाना’ करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन माणसांनी अर्धा दिवस शोधलं. आणि १२ दुकानांत पावडर नाही, कारण केंद्रात दुसरा साठा ठेवलेलाच नव्हता. साठा असता तर गाडी चार तास उशिरा आल्याचं दुकानांना कळलंही नसतं. आधीच्या दोन आठवड्यांत त्या मालावर जे तास वाचले, ते त्या दोन दिवसांत गेले.

निशिगंधा
हे आधी ओळखता येत नाही का?

वखारदार
एक सोपी सवय आहे. शेवटची गाडी सुटल्यावर फरशीवरून चालत जायचं आणि ज्यांची गाडी गेली पण पॅलेट मागे राहिलं, ते मोजायचे. अधूनमधून एखादं असेल तर चालतं. त्याच पुरवठादाराचे रोज दोन-तीन दिसायला लागले, तर त्याचा माल क्रॉसडॉकमधून काढून पुन्हा रॅकला लावायचा. अहवालावर विसंबू नये. बरेच ठिकाणी २४ तासांत बाहेर गेलेला सगळा माल क्रॉसडॉक म्हणून मोजतात. २० तास भिंतीशी पडलेलं पॅलेटही त्यात यशस्वी दिसतं.

सोनचाफा
माझ्या घरसामानाचं अगदी असंच झालं. मधल्या केंद्रात उतरवलं आणि सोळा दिवस कुणालाच सापडेना. फोन केला की ‘निघालंय’. याची तक्रार कुठे करायची कुणी सांगेल का?

तुषार_प
सोनचाफाताई, हा धागा शब्दाचा आहे, पण ‘निघालंय’ आणि वरचं ‘रवाना’ सख्खी भावंडं दिसतात. नोंद गाडीत चढवताना केली की दारातच, हे विचारा.

अनुवादिनी
वखारदारसाहेब, आता मला भलतीच अडचण दिसते आहे. पुस्तिकेच्या पुढच्याच पानावर आहे की जावक गाडी चुकल्यास माल साठवणीत वर्ग करा. त्या मालाला काय म्हणता तुम्ही? ना साठवलेला, ना पाठवलेला.

वखारदार
आमची पोरं ‘लटकलेला’ म्हणतात. नाव नाही म्हणूनच हरवतो, असं माझं मत आहे. ज्या मालाला रकाना नाही त्याला वाली नाही. आम्ही शेवटी भिंतीकडची एक जागा रंगवून घेतली, तिला रॅकसारखाच क्रमांक दिला आणि तिथे ठेवताना स्कॅन करायला लावलं. बोर्डावर ‘गाडी चुकली’ असं लिहिलं. सापडायला लागला.

जुनाकोश
‘त्रिशंकू माल’!

तुषार_प
हे मात्र आवडलं.

वखारदार
आणि ताई, पहिल्या सूचनेला नाम शोधूच नका. फरशीवर नाम कुणी वाचत नाही. ‘रॅकला लावू नका, लेनला लावा’ एवढं लिहा. कंसाशिवाय, शिक्क्याचं चित्र घालून.

जुनाकोश
म्हणजे शब्द घडवायचाच नाही? असंच चाललं तर मराठीत फक्त आज्ञार्थ उरेल. आणि ‘रॅक’, ‘लेन’? ‘फळी’ आणि ‘ओळ’ काय वाईट?

वखारदार
फळी म्हटलं तर पोरं लाकडी फळी आणून देतील. अनुभव आहे.

अनुवादिनी
पर्यवेक्षकांना ‘रॅकला लावू नका, लेनला लावा’ पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: ‘वाक्य चालेल. पण धड्याचं शीर्षक काय देऊ?’

हिशेबी
बिनसाठवण.

गोदीकाका
ट्रान्सशिपमेंट.

निशिगंधा
ते होईल तेव्हा होईल. मला एक सांगा, ‘लेन’ ती की तो? आमच्याकडे ‘तिसरा लेन’ म्हणतात आणि माझे कान दुखतात.

जुनाकोश
‘ती’. ओळ स्त्रीलिंगी, म्हणून.

तुषार_प
आमच्याकडे ‘तो’. ट्रॅक पुल्लिंगी, म्हणून.