इंजिन बंद पडल्यावर विमान खाली का कोसळत नाही?

> "इंजिनं बंद म्हणजे पुढे ढकलणारा थ्रस्ट शून्य. मग वजन विमानाला दगडासारखं खाली का खेचत नाही?"

कारण वजन पेलते ती लिफ्ट, आणि ती पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे मिळते. पंख हवेला खाली वळवतात, हवा त्यांना वर ढकलते. थ्रस्टचं काम ड्रॅगची, म्हणजे हवेच्या विरोधाची, भरपाई करून वेग टिकवण्याचं. थ्रस्ट गेला की वैमानिक नाक थोडं खाली करतो. मग उतारावरच्या सायकलसारखं होतं: वजनाचाच एक छोटा हिस्सा विमानाला पुढे ओढतो आणि वेग टिकतो. त्याची किंमत मात्र उंचीने मोजावी लागते.

२३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन ४१,००० फुटांवर संपलं. इंधन मोजताना किलो आणि पौंड यांचा घोळ झाला होता. विमान सुमारे १० सागरी मैल (१८.५ किमी) पुढे जाताना ५,००० फूट (दीड किमी) खाली आलं, म्हणजे गुणोत्तर साधारण १२. याचाच अर्थ ड्रॅग वजनाच्या जेमतेम बाराव्या हिस्स्याएवढा होता! कॅप्टन बॉब पिअर्सन ग्लायडर चालवणारे होते. त्यांनी २२० नॉटचा वेग धरला आणि गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर विमान उतरवलं. सगळे वाचले.

अशा वेळी लांब जायच्या मोहाने नाक वर ओढणं सर्वांत घातक. वेग घटतो, ड्रॅग वाढतो, आणि पंखाचा हवेशी होणारा कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला की हवा पंखाची पाठ सोडते. त्याला स्टॉल म्हणतात. लिफ्ट खरी कोसळते ती तेव्हा.