मदत हवी आहे: २ टक्क्यांचा ब्राउझर टेस्टिंगमधून काढायचा की ठेवायचा?

राजवाडा_इंदूर
नमस्कार मंडळी. इंदूरच्या एका कोचिंग क्लासचा ऑनलाइन प्रवेशअर्ज आम्ही नव्याने बांधतोय. सीझनच्या आत तो लाइव्ह करायचा आहे आणि टेस्टिंगला मी आणि एक मुलगी, एवढेच आहोत. कोणत्या ब्राउझरवर तपासायचं हे ठरवायला मागच्या सीझनचे आकडे काढले. युजर्सप्रमाणे अँड्रॉइडवरचा क्रोम ७१ टक्के, आयफोन ९, सॅमसंग इंटरनेट ६, विंडोजवरचा क्रोम १०९ फक्त २ टक्के. बाकी किरकोळ. सर म्हणतात, ५ टक्क्यांच्या खालचं सगळं सोडून द्या. मला ते पटत नाहीये, पण मुद्दा नीट मांडता येत नाही. रेषा कुठे आखता तुम्ही?

लष्करवाला
सर बरोबर बोलतायत. क्रोम १०९ जानेवारी २०२३चा आहे. वर "ब्राउझर अपडेट करा" अशी पट्टी लावा आणि मोकळे व्हा. आणि अँड्रॉइड १० चा एक फोन नक्की घ्या. आमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये जवळपास सगळे अँड्रॉइड १० वरच दिसतात.

सुरसागरकर
लष्करवाला दादा, पट्टी एरवी ठीक आहे, इथे चालणार नाही. विंडोज ७ आणि ८ वर क्रोम १०९ हाच शेवटचा. त्यापुढे अपडेट येतच नाही, म्हणून तो आकडा तिथे अडकून बसलेला दिसतो. अँड्रॉइड १० चंही तसंच. क्रोम आता खरी आवृत्ती सांगत नाही, कोणताही फोन असो, लॉगमध्ये `Android 10; K` एवढंच पाठवतो. त्यावरून फोन विकत घेऊ नका.

राजवाडा, तुमचा खरा प्रश्न टक्क्यांचा नाही, टक्के कशाचे मोजताय याचा आहे. युजर म्हणजे ॲनालिटिक्सच्या लेखी एक कुकी. तुमच्याकडे बरीच मुलं कियोस्कवर जाऊन अर्ज भरतात ना? तिथल्या एका मशीनवर दिवसभरात तीस अर्ज भरले तरी युजर एकच. ब्राउझरच्या आवृत्तीप्रमाणे पूर्ण झालेले अर्ज काढून बघा. बिगक्वेरीत `device.web_info.browser_version` मिळेल. GA4 आपोआप नोंदवतं त्या `form_submit` वर विसंबू नका, बटण दाबून सर्व्हरने अर्ज नाकारला तरी ते मोजलं जाऊ शकतं. पावतीचं पान उघडलं तेच धरा.

पोहेजलेबी
आमच्या साड्यांच्या दुकानाची साइट मोबाइलवर फार हळू उघडते. त्यासाठी कोणता ब्राउझर चांगला?

सुरसागरकर
ताई, त्याचा वेगळा धागा काढा. फोटोंचे आकार तिथे टाका, बघू.

राजवाडा_इंदूर
सुरसागरकर काका, काढलं. क्रोम १०९ युजर्समध्ये २ टक्के, पण पूर्ण अर्जांत ९ टक्के! आज एका कियोस्कवाल्या भैयांकडे बसून नवीन फॉर्म तिथल्या विंडोज ७ वर उघडला. परीक्षाकेंद्रांची यादी रिकामी, पुढचं बटण बंद. कन्सोलमध्ये हे:

```
TypeError: centres.toSorted is not a function
```

पण आमचं बिल्ड तर जुन्या ब्राउझरसाठी कोड बदलून देतं. मग हे कसं सुटलं?

सुरसागरकर
बिल्ड वाक्यरचना बदलतं. नसलेलं फंक्शन ते स्वतःहून आणून देत नाही, त्यासाठी पॉलिफिल लागतो. `toSorted` क्रोममध्ये ११० पासून आलं, तुमचं गिऱ्हाईक एका पायरीने मागे. इथे पॉलिफिलही नको:

```js
const list = [...centres].sort(byName);
```

यादी आता अर्जांच्या आकड्यावर लावा. आयफोनवर सफारी आणि क्रोम अशा दोन ओळी नको, आपल्याकडे दोन्हींच्या खाली वेबकिटच आहे. एकावर पूर्ण अर्ज भरा, दुसऱ्यावर फोटो अपलोड तेवढा बघा. अँड्रॉइड क्रोम आणि विंडोजचा १०९ या दोन्हींवर दर रिलीजला शेवटपर्यंत.

आणि उलटही तपासा. पूर्ण अर्ज कमी म्हणून ओळ काढू नका, तिथे फॉर्मच मोडत असेल. सुरू किती झाले, पूर्ण किती झाले, हे शेजारी ठेवा.

राजवाडा_इंदूर
ठेवलं. अँड्रॉइड क्रोमवर सुरू झालेल्या शंभरातले साठ पूर्ण होतात, सॅमसंगवर तीसच. नेट दोघांचं तेच, मुलं तीच. म्हणजे जुन्या फॉर्ममध्येही तिथे काहीतरी अडत होतं. आमच्याकडे सॅमसंगचा फोन नाही.

लष्करवाला
अँड्रॉइडचं समजलं, आभार. सॅमसंग इंटरनेटच्या डार्क मोडमध्ये साइटचे रंग तो स्वतःच बदलतो. आमच्या एका फॉर्ममध्ये कॅप्चाची अक्षरं त्यात दिसेनाशी झाली होती. तुमच्याकडे कॅप्चा आहे का?

राजवाडा_इंदूर
आहे, पारदर्शक चित्रावर काळी अक्षरं.

सुरसागरकर
मग आधी तेच धरा, पण बघितल्याशिवाय ठरवू नका. सॅमसंगच्या रिमोट टेस्ट लॅबवर खरे फोन ब्राउझरमधून चालवता येतात, खातं उघडून डार्क मोड लावा. दिवसा आणि रात्रीच्या अर्जांत फरक पडतो का, तेही काढा. फोनचा डार्क मोड बऱ्याच जणांचा संध्याकाळी आपोआप लागतो.

राजवाडा_इंदूर
रात्री बसतो त्यावर. सरांना ९ टक्क्यांचा आकडा दाखवला, १०९ या सीझनपुरता राहिला. पुढच्या वर्षी ठेवायचा का, यावर ते अजून अडून आहेत.