शब्दचर्चा : 'कॉमन' म्हणजे नेमकी कुठली वायर?

वडगावची लेक : आमच्या जिन्याच्या लाइटला खाली एक वर एक असे दोन स्विच आहेत. वरचा बिघडला म्हणून मेन पाडून उघडला, फोटो काढला, दुसऱ्या दिवशी मोबाइल बंद पडला तो पडलाच, फोटो गेला. आता वहीत लिहिलेलं एवढंच शिल्लक : "तीन वायरी, लाल दोन, काळी एक, काळी कॉमनला. टेस्टर लावला तर काळीवर पेटला नाही." भाऊ म्हणूलाय कॉमन म्हणजे न्यूट्रल, तिला हात लागला तरी काही होत नाही. शब्दाचा अर्थ तोच ना?

निपाणीकर : तोच. आमच्याकडं बोर्डात सगळ्या काळ्या वायरी एकत्र पिळतात त्याला कॉमनच म्हणतात. मिस्त्री पण "कप्पू कॉमन", म्हणजे काळी कॉमन, असंच ओरडतो. काळी + टेस्टर पेटत नाही = न्यूट्रल. मेन पाड आणि लाग कामाला.

भाड्याचं घर : कॉमन मीटरचं बिल कसं वाटायचं ते पण कोणी सांगा, आमच्यात तीन बिऱ्हाडं हायत

वडगावची लेक : अहो ते कॉमन नव्हे 😅

खानापूरचा वायरमन : थांबा जरा. निपाणीकरांचा शब्द बोर्डापुरता बरोबर आहे पण टू-वे स्विचच्या तीन स्क्रूत जो कॉमन असतो तो वेगळा, आणि त्या स्विचवर न्यूट्रल येतच नाही. फेज येतो खालच्या स्विचच्या कॉमनला, तिथून दोन वायरी वर जातात, वरच्या कॉमनमधून निघालेली वायर दिव्याला, आणि न्यूट्रल येतो थेट दिव्याच्या होल्डरला (काही ठिकाणी उलटं, फेज वर येतो). म्हणजे तुमची काळी बहुतेक दिव्याची वायर आहे, मिस्त्रीकडं त्या दिवशी काळी उरली होती म्हणून ती ओढली असणार. रंग पुरावा नव्हे. टेस्टर लावला तेव्हा दिवा लागलेला होता का बंद?

वडगावची लेक : बंद.

खानापूरचा वायरमन : तिथंच फसगत झाली. दिवा बंद असला की ती वायर दिव्यातून न्यूट्रलला टेकलेली असते, टेस्टर पेटत नाही. तुम्ही न्यूट्रल समजून धरलीत आणि खाली आईनं बटण दाबलं की त्याच वायरीवर २३० व्होल्ट. आणि बंद असताना सुद्धा त्या दोन लालमधली एक जिवंत असतेच.

निपाणीकर : मान्य. पण मेन पाडल्यावर काय उरतंय?

खानापूरचा वायरमन : इन्व्हर्टर. ताई, लाइट गेली की जिन्याचा दिवा चालू राहतो का?

वडगावची लेक : अगं बाई. हो, राहतो. म्हणजे मी मेन पाडून उघडला तेव्हा पण…

खानापूरचा वायरमन : तेव्हा पण. म्हणून फोटो नसताना लिहून विचारलेल्या गोष्टीला मी "ही वायर सेफ" असं उत्तर देत नाही. फोटो असता तर वायर कुठल्या पाइपात जाते, मागं जोड आहे का, कुठं काळवंडलंय का ते आपणच बघितलं असतं. लिहिताना तुम्हाला महत्त्वाचं वाटलं तेवढंच आलं आणि त्यात "कॉमन" हा तर तुमचा अंदाज, दिसलेली गोष्ट नव्हे. स्विचवर तसं लिहिलेलं होतं का?

वडगावची लेक : नाही, मधल्या स्क्रूला होती म्हणून मी कॉमन लिहिलं.

खानापूरचा वायरमन : मग "मधल्या स्क्रूला" एवढंच लिहायचं. कॉमन मधेच असेल असं नाही, कंपनीप्रमाणं जागा बदलते. स्विच वायरीतून सोडवून मल्टिमीटरच्या बझरवर बघतात, जो स्क्रू बटण वर असताना एकाशी वाजतो आणि खाली केल्यावर दुसऱ्याशी, तो कॉमन, बाकीचे दोघं आपापसात कधीच वाजत नाहीत. पण सोडवायचा तो मेन पाडून, इन्व्हर्टरचं आउटपुट बंद करून, आणि तोच टेस्टर आधी चालू पॉइंटवर पेटतोय का बघून.

चिकोडी शेतवाडी : आमच्या पंपाच्या स्टार्टरचा फोटो असाच गेला, फोनवर सांगून जोडून घेतलं, दोन फेज अदलाबदल झाले, मोटर उलटी फिरली. पाणी येईना म्हणून अर्धा दिवस विहिरीत डोकावत बसलो.

निपाणीकर : मग ह्या स्क्रूला मराठीत म्हणायचं काय, सामायिक?

भाड्याचं घर : सामायिक म्हणजे परत मीटर

खानापूरचा वायरमन : मी पोरांना "फिरता स्क्रू" म्हणून शिकवतो, कोणी ऐकत नाही.

वडगावची लेक : वहीतलं "कॉमन" खोडलं. मिस्त्री रविवारी यायचाय, तोवर जिन्यात बॅटरी घेऊन फिरतोय. भाऊ अजून न्यूट्रलच म्हणूलाय.