मदत हवी आहे: सर्चमधली सजेशन्स बघून व्हिडिओ केले तरी कोण बघंना, कुठं चुकतंय?

सुभाषनगरकर

नमस्कार मंडळी. आमचं घर चपलांचं, आजोबांपासून. सुभाषनगरात घरीच माल तयार होतो आणि चप्पल लाईनला दोन दुकानांना जातो. मी चार महिन्यांपूर्वी यूट्यूब चॅनेल काढलंय, कोल्हापुरी चपलेबद्दल खरी माहिती मिळावी म्हणून, कारण बाहेर रेक्झिनच्या चपला कोल्हापुरी म्हणून खपवतात आणि ते बघून जीव तुटतो.

कोणीतरी सांगितलं की यूट्यूबच्या सर्चमध्ये आपला विषय टाईप करायचा, खाली जी नावं येतात ती लोकांनी खरंच शोधलेली असतात, त्यावरच व्हिडिओ करायचे. मी तसंच केलं. "कोल्हापुरी चप्पल" टाकलं की खाली "कापशी चप्पल कशी ओळखायची", "कोल्हापुरी चप्पल वेणी कशी घालतात", "हिरडा बाभूळ कातडं" असलं येत होतं. त्यावर एकेक करून अकरा व्हिडिओ केले, वडिलांना कॅमेऱ्यापुढं बसवलं, रात्री दोनदोन वाजेपर्यंत एडिटिंग केलं. एकाही व्हिडिओला शंभर व्ह्यूज नाहीत, त्यातले निम्मे पाहुण्यांचे. लोक शोधतायत असं दिसतंय मग बघत का नाहीत? ही सजेशन्स बनतात तरी कशी? कोणाला नीट माहीत असेल तर सांगा, वडील आता कॅमेऱ्यापुढं बसायला तयार होईनात.

मिसळपंढरी

भावा सोपं हाय. जे सगळ्यात जास्त लोक शोधतात ते सगळ्यात वर येतं, त्याच्या खालचं त्याच्यापेक्षा कमी. तू खालची नावं घेतली असशील. वरची तीनच घे आणि टायटलला तसंच्या तसं टाक. माझ्या मिसळीच्या चॅनेलला चाललंय हे.

ऊसवाला_शिरोळ

माझा अनुभव सांगतो, उपयोग झाला तर बघा. मी उसावर व्हिडिओ करतो. जुलैमध्ये "ऊस" टाकलं की हुमणी किडीचीच सजेशन्स यायची, हुमणी औषध, हुमणी भुंगेरे, हुमणी लागली काय करावं. मी सगळी वहीत उतरून ठेवली, पण आमच्याकडं पूर आला आणि व्हिडिओ राहिला तो राहिलाच. दिवाळीनंतर टाकला, चांगला बनला होता पण कोणी बघितला नाही, आणि परत टाईप करून बघितलं तर हुमणी गायब, तिथं खोडवा आणि पाचट आलेलं. म्हणजे ही यादी कायमची नसते एवढं मला कळलं. थंबनेल पण बघा तुमचे, चपलेचा फोटो मोठा पाहिजे.

शब्दशोध्या

सुभाषनगरकर, तुम्ही जी तीन सजेशन्स लिहिलीत ती वाचून मला शंका आली. "हिरडा बाभूळ कातडं" हे चप्पल घालणारा माणूस शोधत नाही, चप्पल करणारा शोधतो. एक काम करा. फोनवर यूट्यूब उघडा, "कोल्हापुरी चप्पल" टाईप करा, एंटर दाबू नका. प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला एक छोटं चिन्ह असेल. कुठं घड्याळ आणि कुठं भिंग, ते मोजून सांगा.

मिसळपंढरी, तुमचं अर्धं बरोबर आहे. यादी लोकांच्या खऱ्या शोधांवरूनच बनते, पण वरून खाली म्हणजे जास्त ते कमी असा सरळ क्रम नसतो. गूगलनं हे 2004 साली प्रयोग म्हणून आणलं आणि तेव्हापासून त्यात बरंच मिसळत गेलंय. तुमची भाषा, तुम्ही कुठून शोधताय, सध्या अचानक काय वाढलंय (शिरोळच्या दादांची हुमणी त्यातलीच) आणि तुमचे स्वतःचे जुने शोध. शिवाय गूगल स्वतःच सांगतं की लांब, क्वचित टाईप होणाऱ्या वाक्याला पुढचे शब्द नुसत्या शोधांवरून नाही तर वेबवरच्या शब्दांच्या ठेवणीवरूनही जोडले जातात. म्हणजे अख्खं वाक्य हजारो लोकांनी जसंच्या तसं टाईप केलंय असं धरून चालू नका.

सुभाषनगरकर

मोजलं. दहा ओळींत सात घड्याळं, तीन भिंगं. मी जी लिहिली होती ती तिन्ही घड्याळवाली.

शब्दशोध्या

हेच झालंय मग. घड्याळ म्हणजे तुम्ही स्वतः आधी शोधलेलं. चॅनेल काढायच्या आधी दुसऱ्यांचे व्हिडिओ बघताना तुम्ही कापशी, वेणी, कातडं हे सगळं टाईप केलं असणार, ते तुमच्याच खात्यात साठलं आणि तुम्हालाच परत दाखवलं गेलं. अकरा व्हिडिओ तुम्ही तुमच्याच प्रश्नांवर केलेत. व्हिडिओ वाईट आहेत असं यावरून अजिबात ठरत नाही, वडिलांना तेवढं सांगा.

आता असं करा. लॅपटॉपवर इनकॉग्निटो विंडो उघडा, लॉगिन न करता यूट्यूबवर जा. इंटरनेटवरून तुमचा भाग कळायचा तो कळतोच, पण तुमचे जुने शोध जातात. शब्द टाका, एक स्पेस द्या, थांबा, जे येईल ते कागदावर उतरा. मग त्याच शब्दापुढं क, मग ख, मग ग असं एकेक अक्षर टाका, प्रत्येक अक्षराला यादी बदलते. आणि हे देवनागरीत एकदा आणि रोमनमध्ये एकदा असं दोनदा करा, `kolhapuri chappal` असं. आपल्याकडं बरेच लोक मराठी बोलतात पण टाईप इंग्रजी अक्षरात करतात, आणि दोन्ही याद्या वेगळ्या निघतात. बोलून शोधणाऱ्यांची वाक्यं देवनागरीत येतात, लांबलचक असतात, त्यांच्यावर खूण करा.

ब्राउजरच्या पट्टीत थेट हे टाकलं तरी यूट्यूबची सजेशन्स साध्या मजकुरात मिळतात, कधी छोटी फाईल डाउनलोड होते ती उघडायची, उतरून घ्यायला बरं पडतं. हे अधिकृत नाही, कधी बंद पडेल सांगता येत नाही:

```
https://suggestqueries.google.com/complete/search?client=firefox&ds=yt&hl=mr&gl=in&oe=utf-8&q=नवीन चप्पल
```

मी मुद्दाम "नवीन चप्पल" लिहिलंय, "कोल्हापुरी" काढून. करून बघा, मग बोलू.

मिसळपंढरी

मग आमच्या ग्रुपमधल्या वीस पंचवीस पोरांनी रोज "कोल्हापुरी चप्पल कापशी" टाईप केलं तर ते वर येईल की? करूया का?

शब्दशोध्या

नको. वीस जणांनी काही हलत नाही, आणि असले मुद्दाम केलेले शोध गाळायचा प्रयत्न त्यांच्याकडून होतोच. त्या वेळात यादी उतरवणं जास्त कामाचं.

सुभाषनगरकर

दोन संध्याकाळी बसून केलं, वहीची सहा पानं भरली. "कोल्हापुरी चप्पल" देवनागरीत टाकल्यावर जवळजवळ सगळं घेणाऱ्यांचं, किंमत, लेडीज, डिझाईन, होलसेल. म्हणजे त्यांना दुकान पाहिजे, व्हिडिओ नको, असं मला वाटलं. रोमनमध्ये हिंदीच जास्त आलं, `kolhapuri chappal ko soft kaise kare` अशा धर्तीचं.

पण "नवीन चप्पल" टाकलं आणि मी गप्पच बसलो. चप्पल चावते उपाय, चप्पल लागते काय करावं, चप्पल करकर वाजते. "चप्पल भिजली" टाकलं तर वास येतो, कडक झाली, बुरशी. हे सगळं आमच्या दारात रोज कोण ना कोण येऊन विचारतंय. परवाच एक मुलगी लग्नातली चप्पल घेऊन आली होती, अंगठ्यापाशी कातडी सोललेली, वडिलांनी पट्ट्याच्या आतल्या बाजूला बोटानं खोबरेल चोळून दिलं, रात्रभर ठेवा म्हणाले, उद्या घरात अर्धा तास घाला, परवा एक तास, एकदम दिवसभर नको. पाच मिनिटांचं काम. त्याचा व्हिडिओ करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही कारण आम्हाला त्यात सांगण्यासारखं काय वाटतच नाही.

शब्दशोध्या

तुमच्या केसमध्ये मला हेच सांगायचं होतं. तुम्ही वस्तूचं नाव टाकत होता. ज्याला अजून घ्यायचीय तो वस्तूचं नाव टाकतो. ज्याच्या पायाला चावतेय तो त्रासाचं नाव टाकतो, आणि त्रास होत असताना "कोल्हापुरी" हा शब्द त्याच्या डोक्यातही नसतो. म्हणून बीज शब्द त्रासातून घ्यायचा: चावते, वाजते, भिजली, सैल झाली, घसरते. दारात गिऱ्हाईक पहिलं वाक्य काय बोलतं ते लिहा आणि तेच शब्द टाकून बघा.

पण सजेशन दिसलं म्हणजे लगेच कॅमेरा काढू नका. ते सजेशन दाबा आणि पहिले सात आठ व्हिडिओ खरंच बघा. "नवीन चप्पल चावते" ला जर बुटांचे आणि सॅंडलचे उपाय येत असतील, कातड्याच्या चपलेचं कोणीच सांगत नसेल, तर जागा रिकामी आहे. तिथं आधीच तेल लावणारे पाच जण बसले असतील तर "भिजली" कडं जा. आणि ऊसवाल्या दादांचं ऐका: भिजलेल्या चपलेचा व्हिडिओ मे अखेरीला टाकायचा, दिवाळीत नाही. गूगल ट्रेंड्समध्ये वर `Web Search` लिहिलेलं असतं, तिथं `YouTube Search` निवडून मागची काही वर्षं बघा, दरवर्षी कुठल्या महिन्यात उठतंय ते कळेल. तिथला 100 म्हणजे शंभर लोक नव्हेत, त्या काळातला सर्वांत उंच बिंदू एवढंच. मराठी वाक्यांना कित्येकदा आलेखच येत नाही, मग एखादा मोठा शब्द टाकून अंदाज घ्यावा लागतो.

आईची_कढई

मध्येच विचारते, मला पांढऱ्या रश्श्यात "पांढरा रस्सा फुटला तर" याचं सजेशन कधीच आलं नाही, तरी कमेंटमध्ये बायका तेच विचारतात. मग सजेशन नाही म्हणजे विषय सोडायचा का?

शब्दशोध्या

सोडू नका ताई. पुरेसे शोध नसले की ओळ येतच नाही, आणि मराठीत असे कितीतरी प्रश्न त्या रेषेखाली राहतात. तुमच्याकडं कमेंटचा पुरावा आहे, तो सजेशनपेक्षा कमी नाही. काही वेळा धोरणात बसत नाही म्हणूनही ओळी काढलेल्या असतात, पण रश्श्याच्या बाबतीत ते कारण नसावं.

सुभाषनगरकर

तीन आठवड्यांनी येतोय. "नवीन चप्पल चावते? कातड्याच्या चपलेला हे करा" असा सहा मिनिटांचा व्हिडिओ टाकला, पहिल्या वीस सेकंदात वडील पट्टा मऊ करतानाच दाखवले, आमचा इतिहास शेवटी. 640 व्ह्यूज झालेत. स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये `YouTube search` वर जाऊन बघितलं तर निम्म्याहून जास्त तिथूनच आलेत, आणि खाली लोकांनी काय टाईप केलं ते पण दिसतंय. "चप्पल चावल्यावर उपाय", `chappal chavte` आणि एक मी कधी विचारच केला नव्हता असं, "चप्पल अंगठा टोचतो". कमेंटमध्ये कागलच्या एकानं कापशीबद्दल विचारलं, त्याला जुना व्हिडिओ दिला, त्यालाही तीसएक व्ह्यूज आले.

आता एक अडलंय. वहीत रोमनमधली हिंदी सजेशन्स मराठीच्या दुप्पट आहेत. त्याच चॅनेलवर हिंदीत करावं का? वडिलांना हिंदी येते पण कोल्हापुरी हेल जात नाही.

मिसळपंढरी

हिंदीतच कर, पब्लिक मोठं आहे.

शब्दशोध्या

माझं मत उलटं आहे. वीसेक मराठी व्हिडिओ होईपर्यंत थांबा, एका चॅनेलवर दोन भाषा केल्या की बघणारे दोन्हीकडून अर्धवट राहतात असं मी पाहिलंय. पण हिंदीत चाललेलीही चॅनेलं माहीत आहेत मला, त्यामुळं छातीठोक सांगत नाही. "अंगठा टोचतो" मात्र याच आठवड्यात करा, तो शब्द बघणाऱ्यानं तुम्हाला स्वतः आणून दिलाय.

सुभाषनगरकर

वडिलांना दाखवलं. म्हणाले अंगठा टोचतो ते आत टाक्याचा दोरा वर राहिला की होतं, उद्या सकाळी उजेडात बसूया.