मॉक घेण्याआधी ‘कशाचा?’ विचारायचं, की थेट सुरू करायचं?

बेदाणा (तासगाव):
नमस्कार मंडळी. मला इंटरव्ह्यूची लई भीती वाटते. कुणीतरी माझा मॉक इंटरव्ह्यू घ्या. रोज रात्री आठनंतर मोकळा आहे. प्रश्न इथंच टाकले तरी चालतील, मी इथंच उत्तरं देतो.

जुना इन्स्पेक्टर (कुपवाड):
कशाचा घेऊ? हे टोमणा म्हणून नाही विचारत. एमआयडीसीत बावीस वर्षं क्वालिटीला काढली, त्यात पोरांचे इंटरव्ह्यू भरपूर घेतले. कुठल्या कामासाठी, आधी किती दिवस काम केलंय आणि कंपनी कसली, हे कळल्याशिवाय मी पहिला प्रश्न विचारू शकेन, दुसरा नाही. आणि पोरगं पडतं ते दुसऱ्या प्रश्नाला.

विश्रामबागची ताई:
काका, तो आधीच घाबरलाय, त्यात तुम्ही तीन प्रश्न विचारून त्याला परत पाठवताय. मी पुण्यात एचआरमध्ये आहे. पहिल्या फेरीत आम्ही जे विचारतो ते सगळ्यांना सारखंच असतं: तुमच्याबद्दल सांगा, आधीची नोकरी का सोडली, पगार किती अपेक्षित आहे, गाव सोडून याल का. चांगली शिकलेली पोरं पगाराच्या प्रश्नाला ‘तुम्ही द्याल तेवढा’ म्हणून बसतात. एवढी तयारी झाली तरी निम्मं काम झालं. याला रोल कशाला लागतो?

सज्जनगड:
बेदाणाभाऊ, घाबरू नका. रोज अग्रलेख वाचा, रिझर्व्ह बँकेचे दर तोंडपाठ करा, जिल्ह्याची माहिती ठेवा. साताऱ्यात आमच्या अभ्यासिकेतली दोन पोरं याच तयारीवर बँकेत क्लार्क झाली.

पीओ_तिसरा_प्रयत्न (मिरज):
सज्जनगड, आयबीपीएसच्या क्लार्कला इंटरव्ह्यूच नसतो ओ. ती दोघं लेखीवर लागली. इंटरव्ह्यू पीओला असतो, शंभर मार्कांचा, आणि शेवटी मेन्सला ८० टक्के, इंटरव्ह्यूला २० टक्के वजन. केंद्र सरकारनं तर १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांचे इंटरव्ह्यू बंदच केलेत. म्हणजे ‘कशाचा?’ हे न विचारल्यामुळं तुम्ही त्याला जी तयारी सांगताय तिचा त्याला उपयोग आहे की नाही, हेच माहीत नाही.

सज्जनगड:
बरोबर आहे तुमचं. पण सगळे सरकारीच करतात असं धरून चाललो.

कृष्णाकाठ:
मी माझं सांगतो. डिप्लोमानंतर सांगलीत एका क्लासमध्ये पैसे भरून मॉक दिले, चांगले सहा. सगळे एकाच साच्याचे. बलस्थानं सांगा, कमकुवत बाजू सांगा, पाच वर्षांनी कुठं असाल. पाठ करून करून आरशासमोर हसायलासुद्धा शिकलो. मग शिरवळकडं एका कंपनीत मेंटेनन्सला गेलो. साहेबांनी ‘तुमच्याबद्दल सांगा’ विचारलं, मी धडाधडा बोललो. पुढचा प्रश्न: ‘मोटार सारखी ट्रिप होतेय, आधी काय बघशील?’ मी सांगायला लागलो की मी अडचणींकडं संधी म्हणून बघतो. ते लिहायचे थांबले. बाहेर आलो तेव्हा बस गेलेली, दोन तास फाट्यावर बसलो.

विश्रामबागची ताई:
हे क्लासवाल्यांचं पाप झालं. मॉकचा त्यात काय दोष?

बेदाणा:
सगळ्यांना धन्यवाद. रोल लिहिला नाही कारण ठरलेलाच नाही. डिप्लोमा मेकॅनिकल झालोय. मिळेल तिथं फॉर्म टाकलेत. अनुभवाचं म्हणाल तर एका छोट्या वर्कशॉपमध्ये आठ महिने होतो, ग्राइंडिंगचे पार्ट मोजायला. लेटर नव्हतं, पगार रोखीत. तो अनुभव धरायचा की नाही ते कळंना, म्हणून लिहिलंच नाही.

जुना इन्स्पेक्टर:
हे आधी सांगायचं की रं! तीनपैकी दोन उत्तरं दिलीस तू. काम क्वालिटी इन्स्पेक्शनचं धरू, अनुभव आठ महिने. चल, एकच पार्ट घेतो. ग्राइंड केलेला शाफ्ट आहे, ड्रॉइंगवर लिहिलंय `25 h6`. म्हणजे वरची हद्द २५.०००, खालची २४.९८७ मिलिमीटर. कशानं मोजशील?

बेदाणा:
व्हर्नियरनं. नाही, थांबा. मायक्रोमीटरनं.

जुना इन्स्पेक्टर:
थांबलास ते बरं केलंस. आता का ते सांगतो, म्हणजे पाठ करायला नको. साध्या व्हर्नियरची एक रेघ ०.०२ ची, आणि या शाफ्टची वरपासून खालपर्यंतची सगळी सूटच ०.०१३ ची. एक रेघ सगळ्या सुटीपेक्षा मोठी आहे. त्यानं मोजणं म्हणजे हळदीच्या पोत्याच्या काट्यावर सोनं तोलणं. मायक्रोमीटर म्हणालास, पण कुठला? साध्याची रेघ ०.०१ ची, म्हणजे त्या सुटीत जेमतेम एक रेघ मावते. इथं एक मायक्रॉन वाचणारा लागतो. रोज शेकडो पार्ट असतील तर स्नॅप गेज नाहीतर एअर गेज.

अगदी नवख्याला मी इथंच थांबवेन. व्हर्नियर म्हणाला आणि कारण सांगितल्यावर डोळ्यांत उजेड पडला, तर तो घेण्यासारखा. पण तू आठ महिने पार्ट मोजलेत, तुला पुढचं विचारणार. ऑपरेटर मशीनपाशी मोजून म्हणतो २४.९८९, पार्ट ओके. तोच पार्ट तासाभरानं तुझ्या टेबलावर २४.९८५ भरतो. ऑपरेटर भांडायला आलाय. खोटं कोण बोलतंय?

बेदाणा:
आधी माझ्या मायक्रोमीटरचा झिरो बघतो. मग त्याच्या. मग दोघांनी एकाच मायक्रोमीटरनं मोजायचं.

जुना इन्स्पेक्टर:
शाब्बास, हे पुस्तकात वाचून आलेलं पोरगं म्हणत नाही. झिरो दोन्हीकडं बरोबर निघाला. पुढं?

बेदाणा:
पार्ट गरम होता का? आमच्याकडं कूलंट कमी पडलं की हाताला ऊब लागायची.

जुना इन्स्पेक्टर:
आला बघ! २५ मिलिमीटरचा स्टीलचा शाफ्ट दहा अंशांनी गरम झाला की साधारण तीन मायक्रॉन फुगतो. मोजमाप धरायचं ते २० अंश सेल्सिअसला. म्हणजे चारपैकी तीन मायक्रॉनचा फरक तिथंच सापडला, उरलेला एक हाताच्या दाबाचा म्हण. त्यानं गरम पार्ट मोजला, तू थंड. दोघंही खरं बोलताय आणि पार्ट नापास आहे. अंडर गेला म्हणजे भंगार. ओव्हर असता तर परत ग्राइंड करता आला असता.

ताई, आता सांगा, हे मी ‘तुमच्याबद्दल सांगा’ मधून कसं काढलं असतं?

विश्रामबागची ताई:
नसतं निघालं, मान्य. पण काका, त्यानं तुमच्याकडं पोचायला आधी माझ्याकडून यावं लागतं. आणि ते आठ महिने मी त्याला रेझ्युमेवर नोकरी म्हणून लिहू देणार नाही. लेटर नाही, पगाराची स्लिप नाही, पीएफ भरलेला नाही. मोठ्या कंपनीत पडताळणी झाली की तिथंच अडकेल, आणि खोटं लिहिलं असा शिक्का बसेल.

जुना इन्स्पेक्टर:
खोटं कुठंय त्यात? केलंय की त्यानं काम! ते लपवलं तर त्याच्याकडं राहिलं काय? कागद नाही, पगार रोखीत होता, हे स्वतःच्या तोंडानं सांगून टाकायचं.

विश्रामबागची ताई:
इंटरव्ह्यूत तोंडी सांगा हो, मी कुठं नाही म्हणते? ऑनलाइन फॉर्ममध्ये मात्र ‘अनुभव’ या रकान्यात महिने भरले की पुढं कागद मागतात. तिथं फ्रेशरच भरायचं.

कृष्णाकाठ:
मग फ्रेशरच्या पगारावर जायचं का आठ महिने घासून? मी ताईंचं ऐकलं नसतं.

पीओ_तिसरा_प्रयत्न:
तिसरी गोष्ट राहिली की, कंपनी कसली. त्यानं खरंच फरक पडतो का? शाफ्ट तोच, सूट तीच.

जुना इन्स्पेक्टर:
शाफ्ट तोच, पण विचारणारा वेगळा असतो. गाड्यांच्या कंपन्यांना माल देणाऱ्या मोठ्या सप्लायरकडं गेलास, तर विचारतील, नापास पार्ट सापडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करशील. त्यांना ऐकायचंय ते असं: पार्ट लाल पेटीत, टॅग लावून, आणि शेवटचा ओके पार्ट कधी मोजला होता तिथपासून पुढचा सगळा माल बाजूला काढून परत मोजायचा. एकच पार्ट भंगारात टाकला म्हणालास तर गेलास, कारण त्याच्याआधीचे वीस कुठं आहेत ते तुला माहीत नाही.

दहा माणसांच्या शॉपमध्ये इंटरव्ह्यू मालकच घेतो, मशीनच्या आवाजात, उभ्या उभ्या. तो विचारणार, ‘टेम्पो दारात उभा आहे, पार्टी घरची आहे, दोन मायक्रॉननं काय होतंय, पाठवू का?’ इथं पोरं दोन्हीकडून चुकतात. ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हटलं की इन्स्पेक्टर कशाला ठेवायचा? ‘अजिबात नाही’ म्हटलं की मालक म्हणतो, मग माझा धंदा कसा चालणार. मी स्वतः दुसऱ्यात चुकलो होतो, बावीस वर्षांपूर्वी.

बेदाणा:
मग म्हणायचं काय, काका?

जुना इन्स्पेक्टर:
तू सांग की. मॉक तुझाय.

बेदाणा:
पार्टीलाच फोन करतो. मापं सांगतो. चालत असेल तर तसं लिहून द्या म्हणतो, मग माल वेगळा बांधून, चिठ्ठी लावून पाठवतो. लिहून दिलं नाही तर टेम्पो बाकीच्या मालावर जाऊ दे.

सज्जनगड:
आणि फोन कुणी उचलला नाही तर?

विश्रामबागची ताई:
आणि मालक म्हणाला, ‘पार्टीला फोन करणारा तू कोण?’ तर? असले मालक मी पाहिलेत काका, हे उत्तर तुमच्या मोठ्या सप्लायरला आवडेल, त्याला नाही.

जुना इन्स्पेक्टर:
ताई, हे मात्र खरं बोललात. ‘फोन मी करू का तुम्ही करताय?’ असं विचारायला हवं होतं त्यानं. बेदाणा, उद्या आठला ये. आज झालेली उत्तरं बघून न वाचता दे, आणि तुझ्या त्या वर्कशॉपमध्ये कुठली गेजेस होती ती आठवून ठेव. एअर गेज होतं का?

बेदाणा:
होतं. पण मास्टर लावून सेट फक्त मालक करायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत.

जुना इन्स्पेक्टर:
मग हेच असंच सांग. ‘वापरलंय, सेट केलेलं नाही.’ उद्या तिथनंच सुरू करू.